पोळपाट म्हणजे पोळी आणि पाट?

आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेची तयारी करते आहे. सकाळी मैदानावर धावायला जाते, संध्याकाळी मराठी व्याकरणाचे सरावसंच सोडवते. परवा वही घेऊन वर आली. विभक्ती, समास आणि संधी या तिन्हींवरचे प्रश्न होते. तिने ते सोडवून पुस्तकाच्या मागच्या उत्तरसूचीशी ताडून पाहिले होते आणि जुळले नाही तिथे फुली मारली होती.

“बाई, वीसपैकी बरेच चुकले,” ती म्हणाली. “योग्य उत्तर लिहून घेतलंय बाजूला. पण का चुकलं ते कळत नाही.”

मी चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. वह्यांचे गठ्ठे तपासताना एक गोष्ट अंगवळणी पडली: उत्तर चूक असले तरी त्यामागे बहुतेक वेळा एक नियम असतो. मुलाने तो मनाशी बांधलेला असतो, आणि तो अर्धा बरोबर असतो. तो अर्धा नियम सापडला नाही, तर बाजूला योग्य उत्तर लिहून काही होत नाही. पुढच्या संचात तीच फुली पुन्हा येते. म्हणून आम्ही सूची मिटून ठेवली आणि वही पहिल्या पानापासून उघडली.

पहिला प्रश्न होता, ‘मी आंबा खातो’ या वाक्यातील ‘आंबा’ या शब्दाची विभक्ती व कारकार्थ सांगा. तिचे उत्तर: प्रथमा, कर्ता. सूचीचे उत्तर: प्रथमा, कर्म. अर्धे उत्तर जुळत होते, तरी फुली पडली होती.

ही चूक कुठून आली ते सांगायला फार विचार करावा लागला नाही. विभक्तीचा तक्ता पाठ करताना प्रत्येक विभक्तीपुढे एक शब्द लिहिलेला असतो: प्रथमा कर्ता, द्वितीया कर्म, तृतीया करण, चतुर्थी संप्रदान, पंचमी अपादान, षष्ठी संबंध, सप्तमी अधिकरण. मुले तो तक्ता जोड्या लावल्यासारखा पाठ करतात. प्रथमा दिसली की कर्ता, ‘ने’ दिसला की करण. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विभक्ती म्हणजे शब्दाला कोणता प्रत्यय लागला; ते शब्दाचे बाहेरून दिसणारे रूप. कारक म्हणजे त्या शब्दाचे क्रियापदाशी काय नाते आहे. ते वाक्य वाचल्याशिवाय समजत नाही. तिला तिच्याच भाषेत सांगितले: विभक्ती हा गणवेश आणि कारक ही ड्युटी. हवालदाराचा गणवेश घातलेला माणूस आज चौकात उभा असेल, उद्या कोर्टात साक्षीला असेल. गणवेशावरून ड्युटी ठरत नाही.

‘मी आंबा खातो’ मध्ये खाण्याची क्रिया आंब्यावर घडते. तेव्हा आंबा हे कर्म. त्याला प्रत्यय मात्र लागलेला नाही, म्हणून विभक्ती प्रथमा. मराठीत निर्जीव वस्तू कर्म झाली की सहसा अशीच बिनप्रत्ययाची येते. आपण आंबा खातो, ‘आंब्याला’ खात नाही.

मग मी तिला वाक्य बदलून दिले: ‘मी आंबा खाल्ला.’ आता ‘मी’ची विभक्ती कोणती? ती चटकन म्हणाली, प्रथमा. मी म्हटले, ‘मी’च्या जागी ‘तो’ घालून पाहा. ‘तो आंबा खाल्ला’ होत नाही, ‘त्याने आंबा खाल्ला’ म्हणावे लागते. म्हणजे या जागेवर तृतीया हवी आहे. ‘मी’ आणि ‘तू’ या दोन सर्वनामांची प्रथमेची आणि तृतीयेची रूपे सारखीच असल्यामुळे ‘ने’ दिसत नाही इतकेच. कर्ता तोच, पण गणवेश बदलला. वह्या तपासताना मी ही युक्ती फार वापरली आहे. शब्दाचे रूप संशयास्पद वाटले की त्याच्या जागी ज्याची रूपे स्वच्छ वेगळी आहेत असा शब्द घालायचा. प्रत्यय आपोआप उघडा पडतो.

दुसऱ्या प्रश्नात ‘ला’ होता, आणि तिथे गणवेशही फसवतो. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय तेच आहेत: स, ला, ते आणि अनेकवचनी स, ला, ना, ते. आठ विभक्तींची ही मांडणी संस्कृतवरून घेतलेली आहे. तिथे या दोन विभक्तींची रूपे वेगवेगळी होती. मराठीत ती एक झाली, पण नावे दोन राहिली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली छापून आले आणि मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. पण हा दोन नावांचा संसार आजच्या सरावसंचापर्यंत तसाच चालत आला आहे. मला विचाराल तर रूप एकच असताना मुलांना दोन खाती सांभाळायला लावणे हा जरा छळच आहे. पण परीक्षेत विचारतात, तेव्हा फरक ओळखता आला पाहिजे.

दोन वाक्ये होती. ‘आईने बाळाला झोपवले’ आणि ‘आईने बाळाला खाऊ दिला’. तिने दोन्हीकडे द्वितीया लिहिली होती. तिचा युक्तिवाद असा: दोन्हीकडे आई काहीतरी करते आणि ते बाळावर घडते.

मी तिला दुसऱ्या वाक्यातला एकेक शब्द काढायला सांगितले. ‘आईने खाऊ दिला’ हे वाक्य पुरे वाटते. ‘आईने बाळाला दिला’ म्हटले की ऐकणारा विचारतो, काय दिला? देण्याची क्रिया खाऊवर घडली आहे. बाळाच्या हाती तो पोचला आहे. आता खाऊच्या जागी गोळी ठेवा: ‘आईने बाळाला गोळी दिली.’ क्रियापद बदलले. बाळाच्या जागी मुलगी ठेवा: ‘आईने मुलीला खाऊ दिला.’ क्रियापद तसेच राहिले. म्हणजे क्रियापदाशी लिंगाने बांधला गेलेला शब्द खाऊ आहे. तो कर्म, आणि बाळ हे ज्याला मिळाले ते, म्हणजे संप्रदान. म्हणून इथे चतुर्थी. पहिल्या वाक्यात दुसरे कर्म नाहीच, झोपवण्याची क्रिया थेट बाळावर झाली आहे, म्हणून द्वितीया. ‘वाक्यात आधीच एक कर्म बसलेले आहे का?’ एवढे विचारले तरी बहुतेक ‘ला’ सुटतात. बहुतेक म्हणते, सगळे नाही. त्यातल्या एकाकडे आम्ही शेवटी परत आलो.

पुढे ‘टेबलावर’. तिचे उत्तर सप्तमी, कारण टेबल ही जागा आहे आणि जागा म्हणजे अधिकरण. अर्थ बरोबर पकडला होता. पण सप्तमीचे प्रत्यय त, ई, आ एवढेच. ‘वर’ हा प्रत्यय नाही, ते शब्दयोगी अव्यय आहे. फरक कसा ओळखायचा? मध्ये ‘च्या’ घालून पाहायचा. ‘टेबलाच्या वर’ म्हणता येते, ‘घराच्या पुढे’, ‘झाडाच्या खाली’ म्हणता येते. ‘घराच्या ला’, ‘घराच्या ने’ असे कुणी म्हणत नाही. प्रत्ययाला स्वतंत्र जीव नसतो, तो शब्दाला चिकटूनच राहतो. शब्दयोगी अव्यय जरा दूर उभे राहू शकते. दोघांत साम्य इतकेच की दोन्ही आपल्याआधी शब्दाचे रूप बदलायला लावतात. टेबलचे टेबला, घोडाचे घोड्या, शाळाचे शाळे. हेच सामान्यरूप.

आणि सामान्यरूपातच तिची सर्वांत बोलकी चूक सापडली. एका पानावर तिने ‘विहीरीत’ लिहिले होते. सूचीप्रमाणे ते ‘विहिरीत’ असे सुधारले. पुढच्या पानावर, हा धडा घेऊन, ‘शरिराला’ लिहिले. तर सूची म्हणते ‘शरीराला’. इथे ती वैतागली होती आणि वैतागणे रास्त होते. दोन्ही शब्दांत शेवटून दुसरे अक्षर दीर्घ ‘ई’चे. एकात ऱ्हस्व करायचे, दुसऱ्यात नाही, हे काय?

मराठीचा नियम असा की शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ई किंवा ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. विहीर, विहिरीत. फूल, फुलाला. बहीण, बहिणीचा. तिच्या रोजच्या शब्दात सांगायचे तर भरतीच्या अर्जावर ‘पोलीस’ असते आणि प्रत्यय लागला की ‘पोलिसांना’ होते. याचे कारण उच्चारात आहे. ‘विहीर’ म्हणताना ‘ही’वर जोर येतो, कारण त्यानंतर फक्त एक अर्धवट ‘र’ उरतो. ‘विहिरीत’ म्हणताना पुढे आणखी एक पूर्ण अक्षर येते, जोर पुढे सरकतो आणि ‘हि’ आखडते. मोठ्याने म्हणून पाहिले की कळते.

संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द, म्हणजे तत्सम शब्द, या नियमातून वगळले आहेत. शरीर, गीत, सूत्र, जीव हे तत्सम. म्हणून शरीराला, गीतात, सूत्राने, जीवाला. उच्चार करताना आपण ‘शरिराला’च्या जवळ जातो हे खरे, पण लिहिताना मूळ शब्दाचा मान राखायचा अशी साहित्य महामंडळाच्या नियमांची भूमिका आहे. ‘गरीब’, ‘वकील’, ‘जमीन’ हे फारसी-अरबीतून आलेले शब्द, त्यांना मराठीचा घरचा नियम लागतो: गरिबाला, वकिलाने, जमिनीवर. म्हणजे शब्द परका असून भागत नाही, संस्कृतातलाच लागतो. आता एखादा शब्द तत्सम आहे की नाही हे मुलाने कसे ओळखावे? याला आडवाट नाही. शब्दकोश पाहावा लागतो आणि हळूहळू कान तयार होतो. तिच्या उत्तरात चूक होती, पण तर्क शाबूत होता. मी फुलीच्या शेजारी ‘नियम बरोबर, शब्द तत्सम’ असे लिहिले.

समासाचे पान उघडले तेव्हा मला हसू आले. ‘पोळपाट’ या शब्दाचा विग्रह तिने ‘पोळी आणि पाट’ असा केला होता आणि समास लिहिला होता द्वंद्व. तिची आई दारात उभी होती, ती म्हणाली, “अगं, रोज लाटतेस ना त्यावर?”

हसण्यासारखे उत्तर असले तरी त्यामागचा अर्धा नियम बघण्यासारखा आहे. दोन नामे शेजारी दिसली की मुले मध्ये ‘आणि’ घालतात. पण समासातली दोन पदे एकमेकांशी कशी बांधली आहेत हे शब्दाकडे बघून ठरत नाही. तो शब्द वापरून एक वाक्य करावे लागते. ‘पोळपाट धुतला.’ काय धुतले? पाट. पोळी कुणी धुतली नाही. म्हणजे मुख्य पद दुसरे आहे, पहिले फक्त कसला पाट ते सांगते. असे असले की समास तत्पुरुष. कोणते नाते लपले आहे? पोळीसाठी पाट. ‘साठी’ हे देण्याघेण्याचे, हेतूचे नाते, म्हणून चतुर्थी तत्पुरुष; ‘देवघर’ तसेच. उलट ‘मीठभाकर खाल्ली’ म्हटले तर मीठही खाल्ले आणि भाकरही, शिवाय चटणी-कांदा असे जे काही सोबत असेल तेही त्यात आले. हा द्वंद्व, त्यातही समाहार द्वंद्व, कारण शब्दात न सांगितलेल्या गोष्टीही त्याने गोळा केल्या आहेत. ‘चहापाण्याला या’ म्हणणाऱ्याच्या घरी पोह्यांची बशी येतेच.

स्वयंपाकघरातच पुढचा शब्द होता, ‘पुरणपोळी’. तिने लिहिले, ‘पुरणाची पोळी’, षष्ठी तत्पुरुष. सूचीत ‘पुरण घालून केलेली पोळी’, मध्यमपदलोपी. इथे मी फुली खोडून अर्धा गुण दिला. ‘पुरणाची पोळी’ असे आपण बोलतोच, त्यामुळे तिचा विग्रह परका नाही. पण षष्ठी जिथे खरा संबंध सांगते, जसे ‘राजवाडा’ म्हणजे राजाचा वाडा, तिथे मालकीचे नाते आहे. पुरणाची पोळीवर मालकी नाही. ‘ची’ इथे ‘घालून केलेली’ एवढ्या दोन शब्दांच्या बदली काम करतो आहे, आणि ते गाळलेले शब्द परत आणणे हाच मध्यमपदलोपी समासाचा विग्रह. साखरभात, कांदेपोहे, बटाटेवडा या सगळ्यांना हीच परीक्षा लावता येते. परीक्षेत मात्र गोल एकाच पर्यायाचा काळा करायचा असतो, तेव्हा ‘पुरणपोळी’ला मध्यमपदलोपी हेच उत्तर धरावे.

‘पीतांबर’ वर सूची आणि मी यांच्यात मतभेद झाला. तिने कर्मधारय लिहिले होते: पीत असे अंबर, पिवळे वस्त्र. सूची म्हणते बहुव्रीही: पीत आहे अंबर ज्याचे तो, विष्णू. प्रश्नात नुसता शब्द दिला होता, वाक्य नव्हते. आता ‘पुजेला बसताना आजोबा पीतांबर नेसतात’ या वाक्यात आजोबा विष्णूला नेसत नाहीत, वस्त्र नेसतात. तिथे कर्मधारय. ‘पीतांबराच्या हाती शंख आहे’ म्हटले की शब्द पिवळेपणाही सोडतो आणि वस्त्रही सोडतो, तिसऱ्याच कुणाकडे बोट दाखवतो. तिथे बहुव्रीही. वाक्य न देता हा प्रश्न विचारणाऱ्याने दोन्ही उत्तरे धरली पाहिजेत. मी तिची फुली पुसली आणि प्रश्नाच्याच बाजूला एक फुली मारली. शाळेत असताना हे सुख क्वचित मिळे.

समासात लेखनाचा एक खड्डा आहे. ‘विद्यार्थ्यांचे मंडळ’ याचा सामासिक शब्द तिने ‘विद्यार्थीमंडळ’ लिहिला. सूचीत ‘विद्यार्थिमंडळ’. छापण्याची चूक असावी असे तिला वाटले, कारण रस्त्यावरच्या फलकांवर ‘मंत्रीमंडळ’ आणि ‘पक्षीमित्र’ हेच ती पाहते. चूक सूचीची नव्हती. विद्यार्थी, मंत्री, पक्षी, प्राणी हे संस्कृतात मुळात ‘इन्’ने संपणारे शब्द आहेत: विद्यार्थिन्, मंत्रिन्, पक्षिन्. एकटा शब्द मराठीत येतो तेव्हा शेवट दीर्घ होतो. समासात पहिल्या जागी बसला की शेवटचा न् गळतो आणि उरतो ऱ्हस्व ‘इ’: मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रह, पक्षिमित्र. ‘नदीतीर’, ‘लक्ष्मीपुत्र’ यांत मात्र दीर्घच, कारण नदी आणि लक्ष्मी हे शब्द संस्कृतातही दीर्घच आहेत. एकटे असताना ‘गुरू’ आणि समासात ‘गुरुदक्षिणा’ याचेही कारण मुळात हा शब्द ऱ्हस्व आहे हेच. दर आठवड्याला कॅलेंडर ‘गुरुवार’ बरोबर लिहिते, पण तिकडे कुणी बघत नाही.

संधीच्या प्रश्नांकडे येईपर्यंत चहा झाला होता. ‘मनः + कामना’ यांचा संधी तिने ‘मनोकामना’ केला होता. सूचीत ‘मनःकामना’. ती म्हणाली, “पण बाई, देवळाच्या पाटीवर मनोकामनाच असतं. आणि मनः + रथ मनोरथ होतं, मग हे का नाही?”

हाच प्रश्न विचारायला हवा होता. मी तिला गळ्यावर बोट ठेवायला सांगितले. ‘स्स्स’ म्हण. काही थरथरले नाही. आता ‘झ्झ्झ’ म्हण. गळा थरथरला. ग, ज, द, ब, र, व असे जे वर्ण गळा थरथरवून निघतात त्यांना आपल्या व्याकरणात मृदू व्यंजने म्हणतात. क, च, त, प यांना कठोर. विसर्गामागे ‘अ’ असेल आणि पुढे मृदू व्यंजन आले, तर विसर्गाचा उ होतो आणि मागच्या अ शी मिळून ओ होतो. मनः + रथ, मनोरथ. मनः + बल, मनोबल. अधः + वदन, अधोवदन. पुढे क, ख, प, फ आले तर गळ्याला थरथरायचे कारणच उरत नाही, विसर्ग आहे तसाच राहतो: तेजःपुंज, रजःकण, मनःकामना. तिने मनोरथाचे बोट धरून मनोकामनेपर्यंत उडी मारली होती. लोकांनीही तशीच मारली आहे आणि शब्द रुळला आहे. बोलताना ‘मनोकामना’ म्हणणाऱ्याला मी अडवणार नाही. पण ‘संधी करा’ असे विचारले तर उत्तर ‘मनःकामना’.

नियमाला लगेच अपवादही दाखवावा लागला, नाहीतर ती ‘नमःकार’ लिहून मोकळी झाली असती. नमः + कार मध्ये विसर्गाचा स् होतो: नमस्कार, तसाच तिरस्कार. आणि विसर्गामागे इ किंवा उ असेल तर पुढच्या क-प साठी ष् येतो: निष्कारण, दुष्परिणाम.

‘निः + रस’ हा शब्द तिने ‘निरस’ लिहिला. हे तर वर्तमानपत्रातही दिसते. इथे काय घडते ते सावकाश पाहू. मागे इ असून पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आले की विसर्गाचा र् होतो: निः + आशा, निराशा, निः + जन, निर्जन. ‘रस’च्या आधी तोच र् आला तर ‘निर्रस’ झाले असते. दोन र शेजारी संस्कृतला चालत नाहीत, म्हणून पहिला गळतो. पण जाताना तो आपली जागा मागच्या स्वराला देऊन जातो आणि ‘नि’चा ‘नी’ होतो. म्हणून नीरस, नीरव, नीरोग. निराशेत काही गळले नाही, म्हणून तिथे ‘नि’ लांबण्याचे कारण नाही. दीर्घ वेलांटी म्हणजे गळालेल्या र ची पावती आहे, असे तिला सांगितले. तिने ते वाक्य वहीत उतरवून घेतले. याच धर्तीवर ‘उज्वल’ही सुटले. उत् + ज्वल मध्ये त् चा ज् होतो, जसा सत् + जन मध्ये, म्हणून ज दोन: उज्ज्वल. आणि ‘परिक्षा’ची दुसरी वेलांटी का चुकली तेही, कारण शब्द परि + ईक्षा असा आहे; इ आणि ई मिळून दीर्घ ई. वेलांट्या पाठ करण्यापेक्षा शब्द उकलून पाहणे सोपे जाते, निदान मला तरी गेले.

मग आले ‘एक + एक’. तिचे उत्तर ‘एकेक’, सूचीचे ‘एकैक’. या फुलीवर मी पुन्हा सूचीशी भांडले. संस्कृतच्या नियमाने अ आणि ए किंवा ऐ मिळून ऐ होतो: एकैक, जसे मतैक्य. पण मराठीची स्वतःची एक रीत आहे. दोन स्वर जवळ आले की कधी त्यांतला पहिला गळतो आणि दुसरा तसाच राहतो. याला पररूप संधी म्हणतात. एक + एक, एकेक. आपण बोलताना ‘एकेक जण या’ म्हणतो, ‘एकैक’ नाही. कधी उलट दुसरा गळतो: काही + असा, काहीसा. तो पूर्वरूप संधी. व्याकरणाच्या पुस्तकांत हे ‘मराठीचे विशेष संधी’ म्हणून शेवटी येतात आणि तिथपर्यंत पोचेस्तोवर वाचणाऱ्याचा दम संपलेला असतो. या रीतीचा सर्वांत साधा दाखला सकाळच्याच पानावर होता. ‘घरी’ हा शब्द म्हणजे घर + ई, सप्तमी. संस्कृतच्या नियमाने अ आणि ई मिळून ए झाला असता आणि ‘मी घरे जातो’ म्हणावे लागले असते. आपण पहिला अ गाळतो आणि घरी जातो.

दिवेलागण झाली होती. तिने नवे गुण मोजले. फुल्यांपैकी दोन पूर्ण पुसल्या गेल्या होत्या आणि एक अर्धी. मग वही मिटता मिटता तिने शेवटच्या पानावर स्वतःच लिहिलेले एक वाक्य दाखवले: ‘मला आंबा आवडतो.’ सकाळी शिकलेली युक्ती तिने लावून पाहिली होती. आंब्याच्या जागी जिलबी घातली तर ‘आवडते’ होते, म्हणजे क्रियापद आंब्याशी बांधलेले. आंब्याला प्रत्यय नाही, म्हणून प्रथमा. पण आवडून घेण्याची क्रिया आंबा तर करत नाही, ती माझ्या मनात होते. मग ‘मला’ कोण? कर्म म्हणावे तर माझ्यावर काही घडवलेले नाही. संप्रदान म्हणावे तर कुणी मला काही दिलेले नाही.

मी पेन्सिल घेतली. रूपाने चतुर्थी, असे लिहिले. ‘मला भूक लागली’, ‘मला ताप आला’ ही सगळी भावंडे त्याच घरातली: अनुभव ज्याला येतो तो ‘ला’ घेऊन बसतो, वाक्याचा खरा धनी तोच, पण क्रियापद त्याला विचारत नाही. कारकार्थाच्या रकान्यात मी ‘संप्रदान’ लिहिले आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले.

तिने ते पाहिले. “प्रश्नचिन्हाचा गोल नसतो, बाई,” ती म्हणाली आणि जिन्याकडे वळली.